गाढव पूर्वरंगात येऊ देऊ नका

"कीर्तन बसवताना तुम्ही आधी आख्यान निवडता की अभंग?"

अभंग. पण हे शहाणपण उशिरा आलं. पूर्वी हाताशी रंगणारं आख्यान असलं की त्याला साजेसा अभंग शोधायचे, आणि मग दोघांची सोयरीक जुळवता जुळवता पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या अभंगाच्या निरूपणात, घाम फुटायचा.

तुकोबांचा 'जे का रंजले गांजले' घ्या. वाचल्यावर विषय 'दया' वाटतो. दया म्हटलं की हरिश्चंद्र, श्रियाळ, काहीही चालेल असं वाटतं. पण ती सत्त्वपरीक्षेची आख्यानं. तिथे माणूस वचनाला जागतो. या अभंगाचं वजन 'म्हणे जो आपुले' यावर आहे. कीव वाटणं वेगळं, आपलं म्हणणं वेगळं. माझा अख्खा पूर्वरंग या एका फरकावर उभा असतो. पुढे 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी' आहेच. तो चरण हा फरक उलगडून दाखवतो. प्रमाणं दोनच: गीतेतलं 'अद्वेष्टा सर्वभूतानां' आणि ज्ञानेश्वरीतलं 'जे जे भेटे भूत, ते ते मानिजे भगवंत'. तिसरं सुचलं तरी गिळते. प्रमाणांची रास झाली की श्रोता अर्थ सोडून पाठांतराला दाद देतो.

आता आख्यान आपोआप ठरतं: एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ते. पण एकदा निरूपणाच्या भरात मी पूर्वरंगातच म्हणून गेले, "नाथांना गाढवातही देव दिसला." झालं! मध्यंतरात बुक्का लागला, हार पडला, नामाचा गजर झाला, मी आख्यानाला उभी राहिले, आणि पुढच्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "आता गाढव यायचंय बघ." पुढचा अर्धा तास आम्ही सगळे गाढवाची वाट पाहत होतो.

तेव्हापासून उत्तररंगाची सुरुवात कावडीपासून करते. खांद्यावरचा वळ, पाणी हिंदकळू नये म्हणून जपून टाकलेली पावलं. हा प्रवास साकी या वृत्तात चांगला बसतो. चाल सोपी, कथा पुढे सरकते. पाणी जितकं मोलाचं वाटेल तितकं ते देणं जड होतं. मग तापलेली वाळू, त्यात पडलेलं जनावर, आणि सोबत्यांचा सवाल, "महाराज, हे तर देवासाठी आणलेलं!" इथे घाई करत नाही, कारण सोबत्यांचं म्हणणं श्रोत्यालाही पटायला हवं. नाथ कावड उतरवतात तिथे पद नाही, कटाव नाही. पेटी-तबला थांबतो. गाढवाच्या तोंडात पाणी पडतं तेवढं साध्या बोलण्यात सांगते.

तात्पर्य मी वेगळं सांगत नाही. त्या शांततेतून पेटीवाल्याकडे बघते, तो भैरवीचा सूर धरतो, आणि पूर्वरंगात मुद्दाम न उलगडलेला शेवटचा चरण येतो: 'तुका म्हणे सांगू किती, तोचि भगवंताची मूर्ति.' मग आरती.