तीन दशांश आणि हरवलेला चढ

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला मी गणित शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर y = 1/x चा वक्र होता आणि x = 2 पाशी स्पर्शिकेचा चढ काढायचा होता. सूत्र सांगण्याआधी मुलांनी आकड्यांनी अंदाज घ्यावा म्हणून मी h च्या तीन किमती दिल्या: 0.1, 0.01 आणि 0.001. प्रत्येक वेळी [f(2+h) − f(2)] / h काढायचं.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, उत्तर तं शून्य येऊन राह्यलं."

तिची वही पाहिली. पहिला चढ −0.24, दुसरा −0.2, तिसरा 0. सीमा शून्य, असा तिचा निष्कर्ष. पण शून्य चढ म्हणजे आडवी स्पर्शिका, आणि वक्र तर त्या बिंदूपाशी सरळ उतरताना दिसत होता.

बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. तिने प्रत्येक भागाकार तीन दशांशांपर्यंत घेतला होता. 1/2.001 म्हणजे 0.49975, ते तिच्या वहीत 0.500 झालं. त्यातून 0.5 वजा केले की काहीच उरत नाही. आपल्याला हवा असतो दोन जवळजवळ सारख्या संख्यांमधला बारीक फरक, आणि नेमका तोच आसन्न किंमत घेताना पुसला जातो. h जितका लहान, तितकी ही चूक h ने भागल्यावर फुगते. सहा दशांश ठेवले, तर 1/2.001 = 0.499750 आणि चढ −0.25 येतो.

खरा उपाय मात्र जास्त दशांश हा नव्हे. आकडे घालण्याआधीच वजाबाकी अक्षरांत करायची:

1/(2+h) − 1/2 = [2 − (2+h)] / [2(2+h)] = −h / [2(2+h)]

इथला कंस फार जपावा लागतो. तो सोडून 2 − 2 + h लिहिलं की चढ +1/4 येतो. उतरत्या वक्राला धन चढ दिसला की चूक इथेच शोधावी.

आता h ने भागलं की वरचा h जातो, कारण h शून्याच्या जवळ असला तरी शून्य नाही. उरतं −1 / [2(2+h)]. आधीच h = 0 घातला असता तर 0/0 झालं असतं; आता घातला तर −1/4. उणे h ही चालतो: h = −0.1 ला −0.2632 आणि h = 0.1 ला −0.2381, म्हणजे उत्तर दोन्हीकडून −0.25 कडे सरकतं. 2 च्या जागी a ठेवला की हीच मांडणी −1/a² देते. a शून्य नको, एवढंच.

शेवटी मुलांनी आलेखकागदावर पडताळा घेतला. स्पर्शिका y = 1 − x/4. ती अक्षांना (4, 0) आणि (0, 1) मध्ये छेदते, आणि या दोन बिंदूंचा मध्य बरोबर (2, 1/2), म्हणजे आपला स्पर्शबिंदूच. त्या मुलीने पट्टी ठेवून मोजलं, मग a = 3 घेऊन पुन्हा मोजलं. तिथेही मध्यबिंदू वक्रावरच निघाला.