नव्याण्णव टक्क्यांचा निबंध

फोंड्याच्या एका महाविद्यालयातून मराठीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी पणजीच्या ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. "तुमचे नव्याण्णव म्हणजे नक्की काय हो? मुलगी रडतेय. निबंध मीच लिहिला म्हणते."

निबंध यंत्राने लिहिला का, हे आमच्याकडे तीन डिटेक्टर तपासतात. त्या निबंधाला पहिल्या दोघांनी यंत्राच्या बाजूने पाचास एक आणि तिसऱ्याने चारास एक असा कौल दिला होता. आमच्या प्रोग्रामने सरळ गुणाकार केला: शंभरास एक, म्हणजे ९९ टक्के. पण पहिले दोघेही 'पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो' एवढेच मोजतात. एकच साक्षीदार दोनदा उभा केल्यासारखे झाले ते. गाईडमधून पाठ केलेली "निसर्गाने मुक्तहस्ते उधळण केलेला आमचा गोवा" अशी सुरुवात दोघांनाही सारखीच फसवते.

प्रशिक्षणात न वापरलेल्या निबंधांवर लॉजिस्टिक रिग्रेशन ही संख्याशास्त्रीय पद्धत चालवून तिघांच्या कौलांची वजने नव्याने काढली. पहिल्या दोघांना जवळपास अर्धे-अर्धे वजन मिळाले, म्हणजे दोघांचा मिळून एकच कौल. आता पाच गुणिले चार, वीसास एक: ९५ टक्के. आम्ही दिलेले टक्के आणि प्रत्यक्ष प्रमाण यांचा आलेखही सरळ आला. ९५च्या आसपासचे निबंध मोजले तर शंभरात साधारण तेवढेच यंत्राचे निघत होते. सहकारी म्हणाला, झाले काम. मला हीच घाई खटकते, कारण आमच्या चाचणीच्या संचात निम्मे निबंध यंत्राचे होते. बाईंच्या वर्गात निम्मे कुठून असणार?

मी त्यांच्याकडून २०१८-१९चे २०० निबंध मागवले. चॅटजीपीटी आले २०२२च्या नोव्हेंबरात, त्यामुळे हे सगळे मुलांचेच. त्यातल्या ९ निबंधांना आमच्या प्रोग्रामने नव्वदच्या वर टक्के दिले.

मग फोनवरच बाईंबरोबर हिशेब केला. त्यांच्या अंदाजाने आज विसात एक निबंध यंत्राचा, म्हणजे २००त १०. त्यातले ९ आम्ही पकडतो. उरलेले १९० मुलांचे, त्यातलेही आठ-नऊ नव्वद ओलांडतात. म्हणजे आमचा शिक्का बसलेल्यांपैकी जवळपास निम्मी मुले निर्दोष. त्या मुलीचे ९९ हे खरे तर ५० होते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तिला शून्य दिलंय."

आता अहवालात आकड्याशेजारीच 'विसात एक हे गृहीत धरून' असे छापतो आणि हे प्रमाण प्रत्येक महाविद्यालयाला विचारून बदलतो. विसाऐवजी पाचात एक धरले, तर तोच निबंध ८३वर जातो. विक्रीवाल्यांना ही ओळ नको आहे. ती काढू देणार नाही.

आधीच्या दोन महिन्यांचे सगळे अहवाल दुरुस्त करून पाठवले. फोंड्याहून उत्तर आले. बाकी कुणी ते उघडले की नाही, ठाऊक नाही.