भाव उतरवला तर गल्ला वाढेल का?

«बाकरवडी ४०० रुपये किलोनं विकायचो, तेव्हा आठवड्याला ५० किलो जायची. भाव ३६० केला तर ५८ किलो गेली. अर्थशास्त्रात ती मागणीची लवचिकता म्हणतात, तिच्यावरून भाव उतरवायचा की नाही हे कसं ठरवायचं?»

तुम्ही विचारलंत म्हणून आधी आकडा काढूनच टाकू. भाव जितके टक्के बदलला त्याच्या किती पट टक्के खप बदलला, ती लवचिकता. मध्यबिंदू पद्धतीत या दोन्ही टक्केवाऱ्या जुन्या आणि नव्या आकड्यांच्या सरासरीवर काढतात. खप ८ किलोनं वाढला आणि ५० व ५८ यांची सरासरी ५४, म्हणजे वाढ १४.८ टक्के. भाव ४० रुपयांनी उतरला आणि ४०० व ३६० यांची सरासरी ३८०, म्हणजे घट १०.५ टक्के. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की १.४ येतात. भाव आणि खप उलट दिशेनं जातात, म्हणून खरं तर हा आकडा उणे असतो; व्यवहारात ते चिन्ह सोडून देतात. उत्तर १ पेक्षा मोठं असेल तर भाव उतरवल्यावर गल्ला वाढतो, लहान असेल तर घटतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? ४०० गुणिले ५० म्हणजे २०,००० आणि ३६० गुणिले ५८ म्हणजे २०,८८०. गल्ला ८८० रुपयांनी वाढला, हे साध्या गुणाकारानंही कळतं. अगदी बरोबर. मध्यबिंदूची लवचिकता १ च्या वर असणं आणि दुसरा गल्ला पहिल्यापेक्षा मोठा असणं, बीजगणितात या दोन्ही गोष्टी तंतोतंत एकच आहेत. होऊन गेलेल्या भावकपातीबद्दल ती गुणाकारापेक्षा जास्त काही सांगत नाही. मग सरासरीचा आग्रह का, तर टक्केवारी नेहमीसारखी जुन्या आकड्यावर काढली की हा मेळ बिघडतो. समजा ३६० ला ५८ ऐवजी ५५.५ किलोच गेली असती. जुन्या आकड्यांवर भाव १० टक्के उतरला, खप ११ टक्के वाढला, लवचिकता १.१, म्हणजे गल्ला वाढायला हवा. पण ३६० गुणिले ५५.५ होतात १९,९८०. वीस रुपये कमीच. हेच गणित ३६० वरून ४०० कडे जाताना केलं तर उत्तर ०.८९ येतं. जोडी तीच, उत्तरं दोन, आणि एक १ च्या वर तर दुसरं खाली. मध्यबिंदूनं काढलं तर दोन्ही बाजूंनी ०.९९ येतं, आणि ते गल्ल्याशी जुळतं.

लवचिकतेचा खरा उपयोग पुढच्या कपातीसाठी आहे, आणि घसरगुंडीही तिथेच आहे. १.४ आले म्हणून ३६० चे ३३० केले तरी १.४ च राहतील, असं धरून चालू नका. तुमच्या दोन नोंदींमध्ये ४० रुपयांना ८ किलो वाढले, म्हणजे रुपयामागे २०० ग्रॅम. तोच वेग पुढेही टिकला असं मानू. ३३० ला ६४ किलो जाईल, गल्ला २१,१२० होईल आणि या टप्प्याची लवचिकता १.१३ भरेल. आणखी तीस रुपये उतरवून ३०० वर आलात की ७० किलो जाईल, पण गल्ला २१,००० वर येईल, लवचिकता ०.९४. किलोंची वाढ दोन्ही टप्प्यांत सारखीच, सहा-सहा. मात्र भाव खाली येतो तसे तेच तीस रुपये टक्क्यांत मोठे होतात आणि खप वाढतो तसे तेच सहा किलो टक्क्यांत लहान होतात. म्हणून मिळालेला आकडा हा ४०० ते ३६० या पट्ट्याचा आहे, बाकरवडीचा नव्हे. जवळच्या भावाचा अंदाज त्यावरून बांधावा; ४०० वरून थेट २५० ला काय होईल ते त्याला विचारू नये. वेग कायम राहील हेही गृहीतकच आहे, त्यामुळे पुढच्या टप्प्यावर नोंद पुन्हा घ्यावीच लागते.

नोंदच कच्ची असेल तर सगळं मुसळ केरात. पाच-सहा किलोंचा फरक मोजताना आठवड्याच्या सहज चढउताराकडे बघा. तुमच्या ५८ मधले तीन किलो एखाद्या घरच्या कार्यक्रमाच्या ऑर्डरचे असतील तर खरा आकडा ५५, आणि लवचिकता १.४ ऐवजी ०.९. निकालच उलटला. म्हणून भाव बदलण्याआधी तीन-चार आठवडे नुसता खप लिहून ठेवा. तो एरवीच तीन-चार किलोंनी वर-खाली होत असेल, तर एका आठवड्याच्या जोडीवरून काही ठरवता येणार नाही. प्रत्येक भावाला निदान महिनाभर द्या, म्हणजे पगाराचा आठवडा आणि महिनाअखेर दोन्हीकडे सारखी येईल. गणपती-दिवाळीचा महिना कोणत्याच बाजूला धरू नका.

दोन चुका वहीत दिसत नाहीत. ३६० च्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळीच माल संपला असेल, तर ५८ किलो ही मागणी नाही, तुमच्याकडे होता तेवढा माल आहे. लवचिकता खऱ्यापेक्षा कमी दिसेल. याच्या उलट, बाकरवडी टिकते, त्यामुळे स्वस्त दिसली की पाव किलोचं गिऱ्हाईक अर्धा किलो नेतं आणि पुढच्या खेपेला येतच नाही. ते ओळखायचं तर भाव पुन्हा ४०० करून बघा. खप ५० च्याही खाली गेला आणि काही आठवड्यांनी परत ५० वर आला, तर वाढलेल्या किलोंतले काही उद्याच्या विक्रीतून उचललेले होते. शेजारच्या बरणीतल्या चिवड्याचा खपही त्याच काळात बघा. तो घटला असेल तर गिऱ्हाईक नवं आलं नाही, फक्त बरणी बदलली.

आणि हे सगळं गल्ल्याचं झालं, नफ्याचं नाही. घाऊक भाव २९० असेल तर ४०० ला किलोमागे ११० सुटत होते, ५० किलोंचे ५,५००. ३६० ला ७० सुटतात, ५८ किलोंचे ४,०६०. गल्ला ८८० नं वाढला आणि हातात १,४४० कमी आले. पहिल्याइतकेच पैसे सुटायला ३६० ला साडेअठ्ठ्याहत्तर किलोंच्या वर माल जायला हवा, म्हणजे लवचिकता ४.२ च्या आसपास. लवचिकता १ च्या वर गेली की गल्ला वाढतो, एवढंच ते १ सांगतं. नफ्यासाठीची रेषा तुमच्या खरेदीभावावर ठरते, आणि किलोमागचं सुटणं जितकं कमी तितकी ती वर सरकते. माल आधीच बनून पडला असेल आणि चार दिवसांत खवट होणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खरेदीचे पैसे गेलेलेच असतात, म्हणून तेवढ्यापुरता १ शी केलेला हिशेब चालतो.

लवचिकता १ च्या खाली आली तर गणित बरंच सोपं होतं. भाव उतरवू नका. उलट पाव किलोमागे पाच रुपये चढवून बघा, कारण तिथे गल्ला वाढतो आणि मालही कमी लागतो.