तरतुदीच्या खात्याला वर्षभर हात लागला नव्हता

शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कारखान्याचं ऑडिट होतं, साल २०२३-२४. सबमर्सिबल पंप बनवून ते डीलरमार्फत शेतकऱ्यांना विकतात. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून बारा महिने. टॅलीत खाती चाळताना ‘वॉरंटीसाठी तरतूद’ हे खातं उघडलं आणि तिथेच थांबले. सुरुवातीची शिल्लक ३,२०,०००, मार्चअखेर नवी तरतूद ६,१२,०००, शेवटची शिल्लक ९,३२,०००. नावेच्या बाजूला वर्षभरात एकही नोंद नाही. आणि इकडे मी आत येताना सर्व्हिस शेडसमोर उघडे करून ठेवलेले पंप बघूनच आले होते.

पंप दुरुस्तीला येतायत आणि तरतूद हलत नाही, याचा अर्थ दुरुस्तीचा पैसा दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यातून जातोय. अकाउंट्स बघणाऱ्या काकांना विचारलं, तर ते सरळ म्हणाले, “मॅडम, दुरुस्तीचं बिल आलं की दुरुस्ती खर्चात टाकतोय न्हवं? आणि तरतूद मार्चला करायची असते, तीबी केलीया.”

काका प्रामाणिक माणूस. बिल आणि बिल जपून ठेवलेलं. पण यामुळे एकच खर्च नफ्यातून दोनदा वजा होत होता. पंप विकला त्याच वर्षी त्याच्या संभाव्य दुरुस्तीचा खर्च तरतुदीच्या रूपाने नफा-तोट्यात पडलेला असतो. पुढे तो पंप खरंच परत आला की तो खर्च त्या तरतुदीतून भागवायचा, पुन्हा नफा-तोट्यात न्यायचा नाही.

आधी तरतुदीचा हिशोब तपासला. तो कारखान्याच्या जुन्या अनुभवावर नीट बांधलेला होता. शंभर पंपांतले साधारण चार किरकोळ कामासाठी परत येतात, प्रत्येकी ८०० रुपये खर्च. दोन मोठ्या कामासाठी येतात, म्हणजे वाइंडिंग नव्याने भरावं लागतं, त्याला ३,५०० रुपये. सरासरी काढली तर विकलेल्या प्रत्येक पंपामागे १०२ रुपये पडतात. वर्षात ६,००० पंप विकले, म्हणून ६,१२,०००. त्याआधीच्या वर्षाचे ५,००० पंप होते, तरतूद ५,१०,०००. त्या वर्षी नोंदी बरोबर झाल्या होत्या, त्याच वर्षात १,९०,००० वापरले गेले आणि ३,२०,००० पुढे आले.

आता प्रत्यक्ष खर्च शोधायचा होता. बाहेरच्या सर्व्हिस सेंटरची बिलं दुरुस्ती खर्चात सापडली, २,६०,०००. पण मोठा भाग तिथे नव्हताच. स्टोअरमधून सर्व्हिस खात्याला दिलेली तांब्याची तार, बेअरिंग, सील हे सगळं कच्च्या मालाच्या वापरात मिसळून गेलं होतं. ज्यांच्याकडे दुरुस्ती घरातच होते तिथे हे हमखास निसटतं, कारण सुट्या भागांचं बिल वेगळं येतच नाही. स्टोअरच्या चिठ्ठ्यांवरून खरेदीच्या दराने किंमत लावली, ४,००,००० निघाले. एकूण ६,६०,०००.

सर्व्हिस खात्याचे मेस्त्री जॉबकार्डांचे गठ्ठे घेऊन आले. प्रत्येक कार्डावर पंपाचा सिरियल नंबर होता, तेवढं मला पुरेसं होतं. नंबरावरून विक्रीचं बिल काढायचं आणि कार्ड कुठल्या ढिगात जातं ते ठरवायचं. गेल्या वर्षी विकलेल्या पंपांचा खर्च २,९०,००० आला, चालू वर्षातल्यांचा ३,४०,०००. उरलेले ३०,००० मात्र वॉरंटी संपलेल्या किंवा कोरडे चालवून जाळलेल्या पंपांचे. डीलरचा शब्द मोडवेना म्हणून फुकट करून दिलेली कामं ती. व्यवहार म्हणून ते ठीक असेल, पण ज्या खर्चासाठी तरतूद केली त्याच खर्चासाठी ती वापरायची, असं लेखा मानक २९ स्पष्ट सांगतं. ते ३०,००० सरळ चालू खर्चात ठेवले.

गेल्या वर्षीचे ३,२०,००० होते, त्यातले २,९०,००० लागले. त्या वर्षीच्या शेवटच्या पंपाची वॉरंटीही मार्चअखेर संपलेली. म्हणून उरलेले ३०,००० नफा-तोट्यात परत घेतले.

चालू वर्षाचा ढीग लावताना मात्र मेस्त्रींनी एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं. ‘थ्रस्ट बेअरिंग झिजले, रोटर घासला, वाइंडिंग जळाले.’ त्याच अक्षरात, त्याच शब्दांत पुढचं कार्ड, त्याच्या पुढचंही. सिरियल नंबर एकाच लॉटचे, सप्टेंबरात विकलेले ५०० पंप. नेहमीच्या हिशोबाने त्यातले दहा मोठ्या कामाला यायला हवे होते, तेही वॉरंटीच्या बारा महिन्यांत. मार्चपर्यंत चाळीस येऊन गेले होते. “ह्या लॉटचं बेअरिंगच हलकं लागलंय,” मेस्त्री म्हणाले. ते महिनोन्‌महिने पंप उघडत होते, पण खर्च दोन खात्यांत विखुरलेला, त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ताच नव्हता. माझ्या मते दुहेरी खर्चापेक्षा हे नुकसान मोठं. प्रत्यक्ष दुरुस्ती तरतुदीसमोर मांडली असती तर डिसेंबरातच खातं ओरडलं असतं.

ज्या दराने पंप येत होते ते पाहून उरलेल्या वॉरंटीत आणखी चाळीस येतील असा मेस्त्रींचा आणि माझा अंदाज ठरला. ऐंशीतले दहा मूळ तरतुदीत धरलेले होते. उरलेल्या सत्तरांचे २,४५,००० वाढवले. अंदाज बदलला की फरक त्याच वर्षाच्या नफ्यात घ्यायचा, मागच्या वर्षाचे आकडे हलवायचे नाहीत. चालू वर्षाची तरतूद ६,१२,००० अधिक २,४५,०००, त्यातून वापरलेले ३,४०,००० गेले, राहिले ५,१७,०००. पुस्तकात ९,३२,००० होते. म्हणजे लॉटचा बोजा धरूनही नफा ४,१५,००० रुपयांनी कमी दाखवला जात होता.

त्याच लॉटचे काही पंप गोडाऊनमध्ये पडून होते. त्यांचं बेअरिंग बदलायचा खर्च काका तरतुदीत टाकायला निघाले होते. न विकलेल्या पंपाला वॉरंटी कसली? तो उत्पादनाचा खर्च.

मालकांना जॉबकार्डांचा तक्ता नीट जपून ठेवायला सांगितला. रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची तरतूद आयकरात वजावट म्हणून मान्य केली, पण ती पूर्वानुभवावर शास्त्रशुद्ध काढलेली असेल तरच. करनिर्धारणात अधिकारी हाच तक्ता मागतात.

मालकांचा प्रश्न वेगळा होता. “बेअरिंगवाला भरून देणारच हाय की. तेवढं तरतुदीतनं वजा करा.” मी नाही म्हटलं. पुरवठादाराने लेखी काहीच कबूल केलेलं नव्हतं. भरपाई मिळणार हे जवळपास पक्कं असेल तरच ती नोंदवता येते, आणि तेव्हाही वेगळी येणी म्हणून. तरतूद कमी होत नाही, कारण शेतकऱ्याला पंप दुरुस्त करून द्यायची जबाबदारी कारखान्याचीच राहते. ते थोडे नाराज झाले, पण पटलं त्यांना. ताळेबंदावर सह्या झाल्यानंतर पुरवठादाराने रकमेचा काही भाग मान्य केल्याचं पत्र पाठवलं. ती रक्कम २०२४-२५ च्या पुस्तकात आली.