नुसता वरचा बीड बघून मार्क देऊ नका

आज आयटीआयच्या पोरांनी वेल्डिंग केलेल्या बट जॉइंटचे फोटो पाठवले, सगळ्यांना ६ एमएमची एमएस प्लेट आणि ३.१५ चा रॉड सारखाच, तरी दोन फोटोंवरच मी जास्त वेळ अडकलो.

पहिल्यात बीड एकदम एकसारखा, स्पॅटर जवळपास नाहीच, कुणीही त्यालाच पहिला नंबर देईल. दुसऱ्यात प्लेटभर दाणे उडालेले, म्हणजे आर्क लांब धरलाय, किंवा करंट जास्त नाहीतर रॉड ओलसर. मग मी दोघांकडून मागच्या बाजूचे फोटो मागवले, आणि सुंदर बीडवाल्याच्या मागे शेवटच्या इंचभरात फट तशीच उघडी! टॅक कच्चा होता, वेल्डिंग करताना प्लेटा ओढल्या जाऊन गॅप अरुंद होत गेला आणि रूटपर्यंत मेटल उतरलंच नाही. दाणेवाल्याचं रूट मात्र टोकापासून टोकापर्यंत भरलेलं. स्पॅटर छिन्नीने निघतो हो, ही फट काढायची तर मागून ग्राइंड करून परत भरावं लागतं, म्हणून मी दाणेवाल्याला वर ठेवलं.

पोरांनो, उद्यापासून स्लॅग साफ करून, उजेड बाजूने घेऊन दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, समोरून फ्लॅश मारला की अंडरकट दिसतच नाही. आणि आतलं फ्यूजन फोटोत कळत नाही, त्यासाठी पीस वाकवूनच बघू.