टेबल-कॅलेंडर: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार बसवला

ई-इंक पडद्याचं टेबल-कॅलेंडर आता तारीख आणि वार व्यवस्थित दाखवतंय. ते न्यू जर्सीला ताईकडे जायचं आहे, म्हणून या आठवड्यात अमेरिकेतल्या सुट्ट्या घातल्या. ४ जुलै, २५ डिसेंबर या पक्क्या तारखा, त्या यादीत लिहिल्या की काम झालं. थँक्सगिव्हिंगला मात्र तारीख नाही, नुसता नियम आहे: नोव्हेंबरचा चौथा गुरुवार.

कोणत्याही महिन्याच्या पहिल्या सात दिवसांत प्रत्येक वार एकदाच येतो. त्यामुळे पहिला गुरुवार १ ते ७ मध्येच असणार. चौथा त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे २२ ते २८ मध्ये. आता एवढंच कळायला हवं की १ तारखेला कोणता वार आहे.

रविवारला ०, सोमवारला १, असं करत शनिवारला ६ दिले की गुरुवार ४ होतो. २०२६ मध्ये १ नोव्हेंबरला रविवार आहे. ४ मधून ० वजा केले, ४ उरले. म्हणजे १ तारखेच्या चार दिवस पुढे, ५ ला पहिला गुरुवार. त्यात २१ मिळवले की २६ नोव्हेंबर. कोडमध्ये हे असं दिसतं:

```c
int nth(int n, int w, int d1) {
  return 1 + (w - d1 + 7) % 7 + 7 * (n - 1);
}
```

यात `d1` म्हणजे १ तारखेचा वार, `w` म्हणजे हवा असलेला वार.

मधला `+ 7` शोभेचा नाही. २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला शुक्रवार होता, म्हणजे ४ वजा ५, उणे १. पायथनमध्ये उणे १ ला सातने भागून बाकी ६ येते, पण C मध्ये ती उणे १ च राहते. मग उत्तर २८ ऐवजी २१ निघतं, म्हणजे बरोबर एक आठवडा आधीचं. वार गुरुवारच असल्यामुळे नुसतं बघून शंका येत नाही. शिवाय १ तारीख शुक्रवारी किंवा शनिवारी असेल तेव्हाच हे घडतं, म्हणून २०२६ ते २०२९ तपासून सगळं ठीक वाटेल. म्हणून उत्तर २२ ते २८ च्या बाहेर गेलं की पडद्यावर चूक दाखवायची, अशी तपासणी घातली आहे. या दोन कडा बघायला सोपी वर्षं म्हणजे २०२४ (२८ तारीख) आणि २०२९ (२२ तारीख).

DS3231 वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यातला वाराचा आकडा तारखेवरून काढलेला नसतो. आपण भरलेला आकडा तो मध्यरात्री एकने वाढवतो, इतकंच. भरताना चुकला तर तो चुकीचाच पुढे जात राहतो. म्हणून `d1` मी वर्ष आणि महिन्यावरून काढतो, चिपला विचारत नाही.

‘चौथा’ आणि ‘शेवटचा’ हे बहुतेक वर्षी एकच असतात, पण नेहमी नाही. १९३९ मध्ये १ नोव्हेंबरला बुधवार होता, त्यामुळे गुरुवार पाच आले: २, ९, १६, २३, ३०. तोवर प्रथा शेवटच्या गुरुवारची होती. ३० तारखेमुळे नाताळच्या खरेदीला दिवस कमी उरतात, अशी दुकानदारांची तक्रार होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २३ तारीख जाहीर केली. काही राज्यांनी ती पाळली, काही ३० वर अडून राहिली, टेक्सासने दोन्ही दिवस सुट्टी दिली. हा घोळ १९४१ च्या डिसेंबरमधल्या कायद्याने मिटला आणि १९४२ पासून ‘चौथा गुरुवार’ पक्का झाला. म्हणून माझं कॅलेंडर १९४२ च्या मागे थँक्सगिव्हिंग दाखवतच नाही. १९३९ सारखीच मांडणी २०२८ मध्ये पुन्हा येते, तेव्हा ‘शेवटचा’ धरून लिहिलेला कोड ३० तारीख दाखवेल, खरी तारीख २३.

ब्लॅक फ्रायडे तर आणखी फसवा आहे. तो ‘चौथा शुक्रवार’ नाही, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार आहे. २०२४ मध्ये चौथा शुक्रवार २२ ला होता, ब्लॅक फ्रायडे २९ ला. त्यामुळे तिथे `nth(4, 5, d1)` लिहायचं नाही, `nth(4, 4, d1) + 1` लिहायचं. अमेरिकेतल्या निवडणुकीचंही तसंच: पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२२ मध्ये १ नोव्हेंबरलाच मंगळवार होता, मतदान झालं ८ ला. तिथेही सोमवार काढून एक मिळवायचा.

आपल्याकडच्या बँकांच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या सुट्ट्या याच फंक्शनमधून निघाल्या, `w` ला ६ दिला की झालं.

राहिला मे महिन्यातला शेवटचा सोमवार, मेमोरियल डे. तिथे ३१ मेचा वार काढून मागे मोजत यावं लागेल, आणि उत्तर २५ ते ३१ मध्ये पडलं पाहिजे. तो भाग पुढच्या नोंदीत टाकतो.