हिरव्या चौकोनातली घसरण

मे महिन्यातला शनिवार होता. आठवड्याचे चार्ट मी शनिवारीच बघते. शुक्रवारचा बंद भाव हातात आलेला असतो, बाजार बंद असतो आणि फोनही कमी वाजतात. अकराच्या सुमारास कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात दिंडोरीकडचे नाना आले. द्राक्षबागायतदार माणूस. हंगाम आटोपला होता, निर्यातीच्या मालाचे पैसे खात्यावर आले होते आणि खरड छाटणीही उरकली होती. त्यांनी बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ताई, हे बघा. एफएमसीजी हिरव्यात आहे. बँक सेक्टरचा फंड सगळा काढू आणि इथं टाकू. हंगामाचे पैसेही यातच."

स्क्रीनवर रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ होता, आम्ही ज्याला आरआरजी म्हणतो तो. चार चौकोन, मध्यभागी १००-१०० चा बिंदू आणि प्रत्येक सेक्टरचा एकेक ठिपका, त्यामागे गेल्या काही आठवड्यांची शेपटी. पुतण्याने पाठवला होता. एफएमसीजीचा, म्हणजे साबण-बिस्किटांसारखा रोजच्या वापराचा माल विकणाऱ्या कंपन्यांचा ठिपका वर उजवीकडे, लीडिंग नावाच्या हिरव्या चौकोनात होता. बँकेचा ठिपका खाली डावीकडे, लाल लॅगिंगमध्ये.

मी विचारलं, "नाना, हिरव्यात आहे म्हणजे काय समजलात?"

"वाढतंय ना! सगळा बाजार पडतोय, हे एकटं वाढतंय."

माझ्या कामात हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण चार्ट खोटं काही सांगत नसतो. तो एका प्रश्नाचं अचूक उत्तर देतो आणि बघणाऱ्याच्या मनात प्रश्न भलताच असतो. त्या आठवड्यात एफएमसीजी इंडेक्स दहा आठवड्यांपूर्वीच्या भावाच्या खाली होता. वाढ नव्हतीच.

खरे आकडे बाजूला ठेवून मी वहीवर सोपे आकडे घेतले. समजा, दहा आठवड्यांपूर्वी निफ्टी २०,००० होता आणि एफएमसीजी इंडेक्स ५०,०००. आज निफ्टी १८,४०० आहे, म्हणजे ८ टक्के खाली. एफएमसीजी ४८,५००, म्हणजे ३ टक्के खाली. आता सेक्टरला निफ्टीने भागा. तेव्हा उत्तर २.५० येत होतं, आज २.६४ येतं. भागाकार ५.४ टक्क्यांनी वाढला. या चार्टचा पाया हा भागाकार आहे. सेक्टरचा भाव त्यात सुटा कुठेच दिसत नाही. भागाकार वाढला की ठिपका उजवीकडे जाणार, मग वरचा आकडा वाढल्यामुळे वाढो किंवा खालचा जास्त घटल्यामुळे. आणि त्याच दहा आठवड्यांत नानांच्या शंभर रुपयांचे सत्त्याण्णव झालेले असते.

नाना वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गारपीट झाली, शेजाऱ्याची बाग ऐंशी टक्के गेली, माझी तीस टक्के. गावात मी पहिला. पण सोसायटीचं कर्ज त्यानं फिटत नाही."

यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. २०२० मध्ये हेच मोठ्या प्रमाणात घडलं होतं. जानेवारीत १२,४०० च्या आसपास असलेला निफ्टी २४ मार्चला ७,५०० पर्यंत आला. फार्मा आणि एफएमसीजी निफ्टीपेक्षा कमी पडले, म्हणजे त्यांची सापेक्ष ताकद, निफ्टीच्या तुलनेतली ताकद, त्या पडझडीत वाढली. पण ते पडलेच. त्या दिवसांत ज्याला पैसे काढावे लागले, त्याला सापेक्ष ताकदीचा काही उपयोग नव्हता.

मग हा चार्ट कोणासाठी? डच विश्लेषक ज्युलियस डी केम्पेनार यांनी २००४-०५ च्या सुमारास तो मांडला, तो संस्थात्मक गुंतवणूकदार डोळ्यांपुढे ठेवून. असा फंड मॅनेजर शेअरबाजारातून बाहेर पडू शकत नाही. त्याला कुठल्या ना कुठल्या सेक्टरमध्ये राहावंच लागतं आणि त्याचा हिशेब इंडेक्सशी लावला जातो. इंडेक्स ८ टक्के पडला आणि त्याचा फंड ३ टक्के पडला, तर त्याने काम चोख केलं. नानांचा हिशेब तसा नव्हता. मी त्यांना विचारलं, हंगामाचे पैसे पुन्हा कधी लागणार? म्हणाले, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा मजुरी, औषधं, खतं. म्हणजे चार-पाच महिन्यांत. त्या पैशांसाठी चार्ट उघडायचीच गरज नव्हती आणि ते मी स्पष्ट सांगितलं. शेअरबाजारात ते जायलाच नकोत, चौकोन कुठलाही असो.

राहिला बँकेचा फंड. ते पैसे लांबच्या मुदतीचे होते, शेअरबाजारातच राहणार होते. तिथे मात्र आरआरजीचा प्रश्न खरा होता: बाजारात राहायचंच आहे, तर कुठे? म्हणून मी शेपटी बघायला घेतली.

आडवा अक्ष आरएस-रेशोचा; आरएस म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ, सापेक्ष ताकद. तो भागाकार त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीच्या वर आहे की खाली, हे तो सांगतो. १०० च्या उजवीकडे म्हणजे वर. उभा अक्ष आरएस-मोमेंटमचा, म्हणजे तो रेशो स्वतः कुठल्या वेगाने बदलतो आहे. केम्पेनार यांचं नेमकं सूत्र जाहीर नाही. वेगवेगळ्या ठिकाणी लोक आपापल्या पद्धतीने ते जवळपास बसवतात, म्हणून तोच ठिपका दोन साइटवर थोडा इकडेतिकडे दिसतो. मी माझ्या शीटमध्ये साधी पद्धत वापरते: रेशो म्हणजे आजचा भागाकार भागिले त्याची गेल्या काही आठवड्यांची सरासरी, गुणिले १००, आणि मोमेंटम म्हणजे १०० अधिक रेशोमधला आठवड्याचा बदल.

समजा रेशो ओळीने असा आला: १०१.०, १०१.८, १०२.४, १०२.७, १०२.८. दर आठवड्याला वाढतोच आहे. पण बदल बघा: ०.८, ०.६, ०.३, ०.१. म्हणजे मोमेंटम १००.८ वरून १००.१ वर आलेला. ठिपका हिरव्यातच आहे, उजवीकडे सरकतोही आहे, पण दर आठवड्याला खाली उतरतो आहे. पुढच्या आठवड्यात रेशो १०२.७ झाला की मोमेंटम ९९.९, आणि ठिपका पिवळ्या वीकनिंगमध्ये. नानांच्या स्क्रीनवरची शेपटी नेमकी अशीच खाली झुकलेली होती. पुतण्याने रंग बघितला होता, शेपटी बघितली नव्हती.

"हे ठिपके घड्याळाच्या काट्यांसारखेच का फिरतात?" नानांनी विचारलं. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर वहीतल्याच आकड्यांत आहे. मोमेंटम १०० च्या वर म्हणजे रेशो वाढतो आहे; म्हणून वरच्या अर्ध्या भागातला ठिपका उजवीकडेच जाणार. मोमेंटम १०० च्या खाली म्हणजे रेशो घटतो आहे. म्हणून खालच्या भागातला ठिपका डावीकडे जाणार. वर उजवीकडे, खाली डावीकडे, यातून जी फेरी होते ती घड्याळाच्या दिशेचीच. हे गणित आहे, भविष्य नाही. निळ्या इम्प्रूव्हिंगमध्ये आलेला सेक्टर हिरव्यात जाईलच असं कुठे लिहिलेलं नाही. कितीतरी सेक्टर तिथूनच परत लाल भागात घसरतात. आणि बळकट सेक्टर कधी पिवळ्यात थोडा उतरून लाल भागापर्यंत न जाता पुन्हा हिरव्यात चढतो. लाल, निळा, हिरवा असं ओळीने वेळापत्रक धरून आधीच पैसे टाकणारे इथे अडकतात.

नाना उठायला लागले होते, पण मी त्यांना अजून थोडा वेळ बसवून घेतलं. मला एक शंका होती. निफ्टी ५० मध्ये वित्तीय कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाहून जास्त असतं. म्हणजे बँका पडल्या की मोजपट्टीच खाली येते आणि बाकीचे सेक्टर काही न करता उजवीकडे सरकतात. वहीतलंच उदाहरण पुढे नेलं. वित्तीय भागाचं वजन ३५ टक्के धरा आणि तो १५ टक्के पडला असं समजा. निफ्टीच्या ८ टक्के घसरणीतले सव्वापाच टक्के तिथूनच आले. उरलेले पावणेतीन टक्के बाकीच्या ६५ टक्के भागातून, म्हणजे तो भाग सरासरी ४.२ टक्केच पडला. त्याच्याशी तुलना केली तर एफएमसीजीची सरशी ५.४ नाही, जेमतेम १.३ टक्क्यांची. एफएमसीजीने पुढारीपण घेतलं नव्हतं. मुख्य गोष्ट बँकांच्या पडझडीची होती.

हे ओळखायला सोपा मार्ग आहे. मोजपट्टी बदलून तोच चार्ट पुन्हा काढायचा. मी निफ्टी ५० इक्वल वेट घेतला, ज्यात पन्नास कंपन्यांना सारखंच वजन असतं. एफएमसीजीचा ठिपका केंद्राच्या बराच जवळ आला. केंद्राजवळच्या ठिपक्याला मी महत्त्व देत नाही. तिथे एका आठवड्याच्या चढउताराने तो चारही चौकोन फिरून येऊ शकतो. लाल भागात बँकेचा ठिपका मात्र दोन्ही चार्टवर लांबच राहिला. ती कमजोरी खरी होती.

त्यामुळे नानांचा अर्धा निर्णय टिकला. बँकेच्या फंडात त्यांचे पैसे गरजेपेक्षा जास्त अडकले होते, आणि ते कमी करायला त्यांच्याकडे आता कारण होतं. पण ते सगळे एफएमसीजीत टाकायला नव्हतं. त्यांनी निम्मे काढून विस्तृत इंडेक्स फंडात टाकायचं ठरवलं. छाटणीचे पैसे लिक्विड फंडात गेले.

पुतण्याला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. त्याने तिकडून सांगितलं की त्याच्या दुसऱ्या ॲपवर एफएमसीजी निळ्यात दिसतंय. मी फोन घेतला. त्याचा दुसरा चार्ट रोजच्या भावांचा होता, पहिला आठवड्याच्या. दोन्ही बरोबर होते. रोजच्या चार्टवर ठिपका काही आठवड्यांत फेरी मारतो, आठवड्याच्या चार्टवर त्याच प्रवासाला कित्येक महिने लागतात. लांबच्या मुदतीचे पैसे हलवायचे तर आठवड्याचा बघ, आणि त्याच्या शेजारी निफ्टीचा साधा भावाचा चार्ट उघडा ठेव, असं त्याला सांगितलं. त्याने विचारलं, निफ्टीचा कशाला, तो तर मध्यभागी ठिपका म्हणून आहेच की. मी म्हटलं, तो मध्यभागी कायम १०० वरच असतो, २० टक्के पडला तरी. म्हणूनच.